‘ठेवणे’च्या पुढे काय काय लिहू? क्रियापदाला खरंच काय लागतं हे ओळखायचं कसं?

केतकी_ब

नमस्कार मंडळी. बंगळुरूत दर शनिवारी आम्ही मोठ्या माणसांचा मराठीचा वर्ग घेतो. आठ जण आहेत. कुणाची भाषा हिंदी, कुणाची कन्नड, दोघींची मल्याळम. त्यांच्यासाठी मी रोजच्या दीडशे क्रियापदांची यादी करतेय. नुसता अर्थ देऊन भागत नाही हे लवकरच कळलं. ‘विचारणे’चा अर्थ सगळ्यांना पाठ होता, तरी एकजण म्हणाला, “मी आईशी विचारलं.” हिंदीतलं ‘से’ त्याने ‘शी’ करून आणलं. म्हणून आता प्रत्येक क्रियापदासमोर त्याला काय काय लागतं ते लिहिते: विचारणे – कोणी, कोणाला, काय.

‘ठेवणे’पाशी अडले. ही दोन वाक्यं बघा:

मी पुस्तक टेबलावर ठेवलं.
मी पुस्तक गच्चीवर वाचलं.

शाळेतल्या वाक्यपृथक्करणात ‘टेबलावर’ आणि ‘गच्चीवर’ दोन्ही विधेयविस्तारात जातात, कारण दोन्ही ‘कुठे?’ या प्रश्नाची उत्तरं आहेत. पण माझं मन सांगतं की ‘ठेवणे’ला जागा हवीच असते आणि ‘वाचणे’ला ती नसली तरी चालतं. इंग्रजी व्याकरणात एकाला कॉम्प्लिमेंट आणि दुसऱ्याला ॲडजंक्ट म्हणतात एवढं मला माहीत आहे. मराठीत हे ठरवायचं कसं? शब्द काढून बघितला तर “मी पुस्तक ठेवलं” हेही वाक्य कोणी चूक म्हणत नाही.

श्री_देशपांडे

केतकीताई, यात अडण्यासारखं काही नाही. पूरक म्हणजे ज्याच्याशिवाय विधान पुरं होत नाही ते. “राम राजा झाला” यातलं ‘राजा’ पूरक आहे. ‘होणे’, ‘असणे’, ‘दिसणे’, ‘ठरणे’ या क्रियापदांना ते लागतं. तुमच्या दोन्ही वाक्यांत पूरक नाहीच. कर्म आहे, विस्तार आहे, संपलं. मी बावीस वर्षं हेच शिकवलं.

वाक्यवेडा

देशपांडे सर, तुम्ही म्हणता ते शाळेतलं विधानपूरक. ते बरोबरच आहे. केतकीताई मात्र त्याहून मोठ्या गटाबद्दल विचारतायत. त्यांच्या अर्थाने ‘राजा झाला’मधला ‘राजा’ पूरक आहे, ‘पुस्तक वाचलं’मधलं ‘पुस्तक’सुद्धा पूरक आहे, आणि ‘टेबलावर ठेवलं’मधलं ‘टेबलावर’ही असू शकतं. क्रियापदाने ज्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे ते सगळे एका बाजूला, आणि कोणत्याही क्रियापदाजवळ येऊन बसू शकणारे दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. कर्म आणि क्रियाविशेषण या विभागणीला ती आडवी छेद देते. कारकांनीही हे सुटत नाही, कारण ‘टेबलावर’ आणि ‘गच्चीवर’ दोन्ही अधिकरणच आहेत.

आता शब्द काढून बघण्याबद्दल. मराठीत ही कसोटी फसवी आहे, कारण आपण संदर्भातून कळणारं काहीही गाळतो. “दिलंस का?” “दिलं.” यात देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू, तिन्ही गायब आहेत. म्हणून ‘देणे’ला काहीच लागत नाही असं म्हणायचं का? ऐकणाऱ्याला तिन्ही आधीच माहीत आहेत, म्हणून ती गाळली. गाळता येणं वेगळं आणि नसणं वेगळं.

अशीच अडचण चेक भाषेत आली होती, तिथेही बरंच काही गाळतात. प्रागच्या यार्मिला पानेवोवा यांनी 1974 मध्ये त्यासाठी संवादाची कसोटी मांडली. मराठीत ती फार चांगली चालते. फोनवर बोलताय असं समजा, आधीचा काहीच संदर्भ नाही.

“मामा पोचले.”
“कुठे?”
“ते माहीत नाही.”

हे उत्तर बसत नाही. कुठे पोचले हे माहीतच नसेल तर ‘पोचले’ म्हणालात कसे? आता दुसरा प्रश्न विचारा.

“मामा पोचले.”
“कशाने आले?”
“ते माहीत नाही.”

यात काहीच खटकत नाही. ‘कुठून?’ विचारलं तरी ‘माहीत नाही’ चालतं. म्हणजे ‘पोचणे’ने ‘कुठे’साठी जागा राखली आहे, ‘कशाने’ आणि ‘कुठून’साठी नाही. वाक्यात ‘घरी’ उच्चारलं नाही तरी बोलणाऱ्याच्या मनात ते असावंच लागतं. शब्द दिसतो की नाही याऐवजी बोलणाऱ्याला त्याचं उत्तर ठाऊक असायलाच हवं का, हे विचारायचं.

मृण्मयी_एस

हे फारच उपयोगी आहे! लगेच ‘निघणे’वर करून पाहिलं. “मामा निघाले.” “कुठे?” “माहीत नाही, पिशवी घेऊन गेले एवढं पाहिलं.” अगदी सहज. पण “मामा निघाले.” “कुठून?” “माहीत नाही.” हे विचित्र वाटतं. म्हणजे ‘पोचणे’ आणि ‘निघणे’ अगदी उलट आहेत. एकाला शेवटचं ठिकाण लागतं, दुसऱ्याला सुरुवातीचं. दोन्ही प्रवासाचीच क्रियापदं, पण “मामा सांगलीहून निघाले” यातलं ‘सांगलीहून’ पूरक आणि “मामा सांगलीहून पोचले” यातलं ‘सांगलीहून’ ॲडजंक्ट. शब्द तोच, प्रत्यय तोच. म्हणजे हा गुण शब्दावर लिहिलेला नसतो, क्रियापदाशी असलेल्या नात्यावर ठरतो.

नाना_मिरज

मला व्याकरण फारसं कळत नाही, पण हा प्रकार मी गेल्या महिन्यात भोगलाय म्हणून लिहितो. मोबाइलवर निरोप आला, “आपले पार्सल ठेवले आहे.” एवढंच. मी मिरजेत, फ्लॅट पुण्यात, आत सून आणि लहान बाळ. सुनेला फोन केला, तिने दारात पाहिलं, जिन्यात पाहिलं, खाली वॉचमनला विचारलं. आत बाळाची औषधं होती. शेवटी शेजारच्या विंगेच्या मीटरच्या खोलीत सापडलं. निरोपात “पार्सल दिले आहे” असतं तर आम्ही कोणाला दिलं ते विचारलं असतं. “ठेवले आहे” वाचल्यावर तोंडात पहिला शब्द आला तो ‘कुठे’. कधी ठेवलं, कोणी ठेवलं, हे विचारायचं सुचलंही नाही.

केतकी_ब

नाना, मनस्ताप झाला तुम्हाला, पण मला हवं होतं ते उदाहरण तुम्ही दिलंत. ‘ठेवले’ला ‘कुठे’ आणि ‘दिले’ला ‘कोणाला’. ऐकणाऱ्याच्या तोंडात आपोआप येणारा प्रश्नच क्रियापदाची रिकामी जागा दाखवतो.

हेमंत_पी

मग साधनाचं काय? “आईने भाजी चिरली.” विळी नाहीतर सुरी असल्याशिवाय भाजी चिरता येत नाही. हाताने केली तर ती मोडणं होतं. म्हणजे ‘चिरणे’च्या अर्थातच साधन आहे. मग ‘सुरीने’ हेही पूरकच मानायला हवं. ज्याच्याशिवाय क्रिया घडूच शकत नाही, ते क्रियापदाला लागतं. एवढी सोपी व्याख्या असताना संवादाची कसोटी कशाला?

वाक्यवेडा

हेमंत, ‘चिरणे’च्या अर्थात धारदार वस्तू आहे हे निरीक्षण अगदी बरोबर. ‘चिरणे’ आणि ‘मोडणे’ यांत फरक आहे तो त्यामुळेच. पण त्यावरून ‘सुरीने’ला राखीव जागा आहे असं ठरत नाही. क्रिया घडायला काय लागतं आणि क्रियापदाला काय लागतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कोणतीही क्रिया कुठेतरी आणि कधीतरीच घडते. तुझ्या व्याख्येने ‘काल’ आणि ‘स्वयंपाकघरात’ हेसुद्धा प्रत्येक क्रियापदाचे पूरक होतील आणि मग विभागणीच उरणार नाही.

संवाद लाव. “आईने भाजी चिरली.” “कशाने?” “माहीत नाही, मी आले तेव्हा चिरून झाली होती.” काही खटकलं का? नाही. मग “आईने चिरली.” “काय?” “माहीत नाही.” हे खटकतं. म्हणून भाजी आत आणि सुरी बाहेर. ‘चिरणे’ने साधनाचा प्रकार आपल्या अर्थात सामावून घेतलाय, त्यामुळे ते सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहत नाही.

हेमंत_पी

हं. पण तुझ्याच कसोटीने ‘ठेवणे’ पडतं की. आमच्या घरी रोजचा संवाद आहे: “मी चष्मा ठेवला.” “कुठे?” “आठवत नाही.” यात चुकीचं काय?

मृण्मयी_एस

‘आठवत नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे ना? ‘आठवत नाही’ म्हणणारा मान्य करतो की ठेवताना जागा माहीत होती. ‘मी चष्मा ठेवला, कुठे ते मला तेव्हाही माहीत नव्हतं’ असं म्हणून पाहा. शिवाय अशा वेळी आपण खरं काय म्हणतो ते ऐका: “चष्मा कुठेतरी ठेवलाय, आठवत नाही.” ते ‘कुठेतरी’ आपोआप येतं. जागा भरायला नेमकं काही नाही, म्हणून तिथे ‘कुठेतरी’ बसवतो. “मी कुठेतरी पुस्तक वाचलं” असं कोणी उगाच म्हणत नाही. म्हटलंच तर खास काही सुचवायचं असतं.

‘विसरणे’शी ताडून पाहा. “छत्री विसरले.” “कुठे?” “काय माहीत!” अगदी रोजचं वाक्य, ‘कुठेतरी’ची गरजही नाही.

वाक्यवेडा

‘कुठेतरी’चा मुद्दा छान आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. एक कबूल करतो, ‘ठेवणे’मध्ये कान ‘पोचणे’इतका स्वच्छ निकाल देत नाही. “बाबांनी चष्मा ठेवला.” “कुठे?” “मी पाहिलं नाही.” हे काही जणांना चालेल. म्हणून मी एका कसोटीवर थांबत नाही. दुसरी ही: वाक्य तोडायचं आणि ‘हे … घडलं’ असं जोडून बघायचं.

सीमाने पुस्तक वाचलं. हे गच्चीवर घडलं.

ठीक आहे. जरा पुस्तकी वाटेल, पण अर्थ तोच राहिला.

सीमाने पुस्तक ठेवलं. हे टेबलावर घडलं.

आता सीमाच टेबलावर चढलेली दिसते! मूळ वाक्यात टेबलावर फक्त पुस्तक होतं. ॲडजंक्ट अख्ख्या घटनेला ठिकाण देतो, म्हणून घटना बाजूला काढली तरी त्याचं काम चालू राहतं. ‘टेबलावर’ हा घटनेच्या आतला भाग आहे, पुस्तक शेवटी कुठे टेकलं ते सांगणारा. तो बाहेर काढला की अर्थ बदलतो. ‘राहणे’वरही लावा. “ती शिकवते. हे पुण्यात घडतं” जमतं, “ती राहते. हे पुण्यात घडतं” जमत नाही. तिथे तर ‘ती राहते’ म्हणताच वाक्य अर्ध्यात थांबल्यासारखं वाटतं.

श्री_देशपांडे

मी पहिल्यांदा घाईने लिहिलं. वाचता वाचता माझ्या शिकवण्यातला एक जुना प्रश्न आठवला. ‘वागणे’. “तो नीट वागतो” यातलं ‘नीट’ आम्ही विधेयविस्तारात टाकायचो. एका मुलीने विचारलं होतं, “सर, विस्तार काढला तरी वाक्य राहतं ना? मग ‘तो वागतो’ हे वाक्य का वाटत नाही?” मी तेव्हा तिला समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. आता तुमचा संवाद लावतो. “तो काल वागला.” “कसा?” “माहीत नाही.” हे अशक्य आहे. म्हणजे इथे रीत सांगणारा शब्दच क्रियापदाला लागतो. क्रियाविशेषण आहे म्हणून ते ऐच्छिक, असा आमचा जो समज होता, तो इथे टिकत नाही.

वाक्यवेडा

सर, याहून स्पष्ट उदाहरण मराठीत मला सुचत नाही. इंग्रजीत मुलाला नुसतं ‘बिहेव’ म्हटलं तर ‘नीट वाग’ असा अर्थ होतो. मराठीत नुसतं ‘वाग!’ असं कोणी म्हणत नाही. ‘नीट’ म्हणावंच लागतं. त्या मुलीचा कान पक्का होता.

मृण्मयी_एस

मी जर्मन शिकवते, म्हणून केतकीच्या यादीसाठी एक सुचवते. जर्मनमध्ये हे काम फार तपशिलात झालंय. मुळात फ्रान्सच्या ल्युसियाँ टेनिएर यांनी क्रियापदाची तुलना रसायनशास्त्रातल्या अणूशी केली. अणूला जशी संयुजा असते, तसं क्रियापद ठरावीक जोडीदार धरतं. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1959 मध्ये निघालं. पुढे 1969 मध्ये लाइपझिगला हेल्बिग आणि शेंकेल यांनी जर्मन क्रियापदांचा संयुजा-कोश केला. त्यात दोन कप्प्यांऐवजी तीन आहेत: लागतंच, जागा आहे पण रिकामी राहू शकते, आणि बाहेरचं.

मधला कप्पा आपल्यालाही हवा. “ती वाचतेय.” “काय?” “माहीत नाही, काहीतरी वाचत बसलीय.” हे चालतं. म्हणून ‘पुस्तक’ला ॲडजंक्ट म्हणायचं का? नाही, कारण ‘काय’ची जागा ‘वाचणे’जवळ आहे आणि ‘झोपणे’जवळ नाही. ‘गच्चीवर’ मात्र दोघांजवळ सारखंच येतं. केतकी, तुझी गल्लत इथे होत असावी: जे गाळता येतं ते सगळं बाहेरचं, असं धरलं की मधला कप्पा हरवतो.

केतकी_ब

हो, नेमकी हीच गल्लत होती. आणखी एक विचारते. ‘आईशी विचारलं’ ही चूक कोणत्या कसोटीत पकडायची? प्रत्यय बदलता येतो का, हे बघायचं का?

वाक्यवेडा

ती तिसरी कसोटी, पण तिचा निकाल एकाच दिशेने घ्यायचा. ‘चिडणे’ बघा. “तो माझ्यावर चिडला.” या ‘वर’च्या जागी ‘खाली’, ‘जवळ’, ‘पुढे’ घालता येत नाही. ‘वर’ला इथे उंचीचा अर्थच उरलेला नाही, तो क्रियापदाने नेमून दिलाय. तसंच कुत्र्याला घाबरणे, कामाला कंटाळणे, आईला विचारणे. जिथे प्रत्यय असा गोठलेला दिसतो तिथे बिनधास्त पूरक माना. तुमच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त गरज याच नोंदींची आहे, कारण अर्थावरून प्रत्ययाचा अंदाज बांधता येत नाही.

पण प्रत्यय बदलता आला म्हणून ॲडजंक्ट, असं मात्र म्हणू नका. टेबलावर ठेव, टेबलाखाली ठेव, कपाटात ठेव, दाराशी ठेव, सगळं चालतं. ‘ठेवणे’ला जागा हवी आहे, अमुकच प्रत्यय हवा असं नाही. या कसोटीवर ‘ठेवणे’ नापास होतं आणि तरी ‘टेबलावर’ पूरकच राहतं.

हेमंत_पी

एक शंका अजून आहे. “मोलकरीण ठेवली”, “बाळाचं नाव ओवी ठेवलं”, “थोडे पैसे ठेवले, बाकीचे दिले.” इथे कुठे गेली जागा?

मृण्मयी_एस

ती वेगळी ‘ठेवणे’ आहेत. नोंद अर्थागणिक करायची, अक्षरांगणिक नाही. आणि म्हणूनच केतकीला पहिल्यांदा “मी पुस्तक ठेवलं” बरोबर वाटलं. जागा काढल्यावर वाक्य मोडण्याऐवजी सरकून ‘माझ्याकडेच राहू दिलं’ या दुसऱ्या अर्थावर गेलं. शब्द काढल्यावर वाक्य उभं राहिलं तर लगेच हुश्श करू नये. तोच अर्थ उभा आहे का, ते आधी तपासावं.

केतकी_ब

आज दुपारी बसून काही नोंदी नव्याने केल्या. कंसातलं गाळता येतं.

पोचणे – कोण, कुठे
निघणे – कोण, कुठून
वागणे – कोण, कसं
विचारणे – कोणी, कोणाला, काय
चिडणे – कोण, (कोणावर)
वाचणे – कोणी, (काय)
ठेवणे १ – कोणी, काय, कुठे
ठेवणे २, स्वतःजवळ राहू देणे – कोणी, काय
ठेवणे ३, नाव – कोणी, कोणाचं, नाव काय

‘करणे’ला मात्र परत अडले. “आईने मला लाडू केले.” यातलं ‘मला’ कुठे टाकू? संवादात ते बाहेर जातं. “आईने लाडू केले.” “कोणाला?” “माहीत नाही, डबा भरून ठेवलाय.” चालतं.

वाक्यवेडा

इथे कसोट्या एकमेकींशी भांडतात. ‘तसंच केलं’ लावून बघा. “आईने काल लाडू केले आणि मावशीने आज तसंच केलं.” चाललं. ‘काल’ बाहेरचं म्हणून त्याच्या जागी ‘आज’ आलं आणि ‘तसंच केलं’ने बाकीचं सगळं उचललं. आता “आईने काल मला लाडू केले आणि आज ताईला तसंच केलं.” माझ्या कानाला हे बसत नाही, ताईवरच काहीतरी प्रयोग केल्यासारखं वाटतं. या कसोटीने ‘मला’ आत जातं. ‘माझ्यासाठी’ असतं तर मी डोळे मिटून बाहेर काढलं असतं.

श्री_देशपांडे

माझ्या कानाला ‘ताईला तसंच केलं’ वाईट लागत नाही. आमच्याकडे, कऱ्हाडच्या बाजूला, बोलण्यात ऐकलंय असं वाटतं. उद्या घरात दोघा-तिघांना वाक्य ऐकवून सांगतो.

केतकी_ब

सर, नक्की सांगा. तोवर ‘मला’ मधल्या कप्प्यात पेन्सिलीने लिहून ठेवते. शनिवारी वर्गात ‘देणे’ आणि ‘करणे’ शेजारी शेजारी घेणार आहे. ‘देणे’त ‘कोणाला’ पक्कं आहे, “ताईने लाडू दिले.” “कोणाला?” “माहीत नाही” हे खटकतंच. मल्याळमवाल्या दोघी या जोडीवर काय म्हणतात ते इथे येऊन लिहीन.